हात स्वच्छता आणि स्टेराइल ड्रेसिंग: ओस्की स्टेशनची चेकलिस्ट करताना हमखास पडणारे प्रश्न

ड्रेसिंगच्या स्टेशनची चेकलिस्ट वरवर सोपी वाटते. प्रोसिजरच्या पुस्तकातल्या पायऱ्या उतरवायच्या, पुढे गुणांचा रकाना काढायचा, झालं काम. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. परीक्षेच्या दिवशी कळलं की अशा चेकलिस्टवर पायऱ्या पाठ असणारा विद्यार्थी उत्तम गुण मिळवतो आणि तरीही जखमेत जंतू नेऊन सोडतो. खालचे प्रश्न मला परीक्षकांनी आणि नव्या शिक्षकांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच केस धरली आहे: पोटावर उभी, टाके घातलेली जखम, शस्त्रक्रियेचा तिसरा दिवस, जुन्या ड्रेसिंगवर थोडा स्राव आलेला, स्टेशनला दहा मिनिटं.

हात स्वच्छता आणि ड्रेसिंग एकाच स्टेशनवर घ्यावं की वेगळं?

तंत्र वेगळं तपासा, वेळ ड्रेसिंगमध्ये तपासा. म्हणजे काय, ते घड्याळ लावून पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हँडरबने हात स्वच्छ करायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने ४० ते ६०. आपल्या केसमध्ये विद्यार्थ्याला चार वेळा हात स्वच्छ करावे लागतात. दर वेळी २५ सेकंद धरले तर १०० सेकंद झाले, म्हणजे दहा मिनिटांतली जवळजवळ पावणेदोन मिनिटं हात चोळण्यात गेली. स्टेशन सात मिनिटांचं ठेवलंत तर प्रामाणिकपणे हात चोळणारा विद्यार्थी ड्रेसिंग पूर्ण करू शकत नाही आणि दोन सेकंदांत हात झटकणारा आरामात संपवतो. चुकीच्या विद्यार्थ्याला बक्षीस देणारं स्टेशन असं तयार होतं.

म्हणून तंत्रासाठी चार-पाच मिनिटांचं छोटं स्टेशन वेगळं ठेवावं. तिथे अंगठी-घड्याळ काढणं, बाही कोपराच्या वर घेणं, हँडरब तळहातभर घेणं, चोळण्याच्या सहाही पायऱ्या आणि हात पूर्ण वाळेपर्यंत चोळणं हे एकेक करून पाहता येतं. अंगठा आणि बोटांची टोकं सगळ्यात जास्त सुटतात, त्यामुळे त्यांची कलमं स्वतंत्र हवीत. याच स्टेशनवर निवडीचा एक प्रश्नही घालता येतो: सूचनापत्रात 'तुमच्या हाताला रक्त लागलं आहे' असं लिहायचं आणि बेसिन, साबण, हँडरब तिन्ही समोर ठेवायचे. हात दिसण्याइतके मळलेले असतील तर साबण-पाणीच हवं. बाटलीकडे हात गेला की काय समजायचं ते समजतं.

ड्रेसिंगच्या स्टेशनवर मग सहा पायऱ्या पुन्हा मोजायच्या नाहीत. तिथे एवढंच पाहायचं की हात त्या त्या क्षणी स्वच्छ केले की नाही.

ड्रेसिंगच्या चेकलिस्टमध्ये 'हात स्वच्छ केले' असं एकच कलम का चालत नाही?

कारण विद्यार्थी आत आल्याआल्या हँडरब घेतो, परीक्षक टिक करतो, आणि मग नऊ मिनिटं ते कलम कोणीच बघत नाही. खरी परीक्षा मधे असते.

आपल्या केसमधले चार क्षण असे. पहिला, रुग्णाला हात लावण्याआधी. दुसरा, हातावरचा पट्टा तपासून, चादर बाजूला करून, रुग्णाला नीट झोपवून झाल्यावर आणि ड्रेसिंगचा पॅक उघडण्याआधी. तिसरा, साध्या हातमोज्यांनी जुनं ड्रेसिंग काढून ते हातमोजे टाकल्यावर आणि स्टेराइल हातमोजे घालण्याआधी. चौथा, सगळं झाल्यावर हातमोजे काढले की.

यातला तिसरा क्षण सगळ्यात जास्त चुकतो. विद्यार्थ्याच्या मनात हिशेब असा असतो की हातमोजे घातले होते, म्हणजे हात स्वच्छच आहेत. पण हातमोज्याला न दिसणारं भोक असू शकतं, आणि ते काढताना बाहेरची बाजू मनगटाला किंवा बोटांना लागतेच. त्याच बोटांनी आता स्टेराइल हातमोज्याची घडी उचलायची असते. म्हणून चारही क्षणांना चार वेगळी कलमं द्या आणि ती चेकलिस्टमध्ये ज्या त्या जागी लिहा, सगळी वर एका गटात नकोत. परीक्षकाची नजर कागदावरून खाली सरकत जाते. कलम जिथे असेल तिथेच तो ते पाहील.

एक सावधगिरी: काही प्रोटोकॉलमध्ये पॅक जुनं ड्रेसिंग काढल्यानंतर उघडतात. तसं असेल तर दुसरा आणि तिसरा क्षण मिळून एकच होतो आणि कलमंही तीनच राहतात. विद्यार्थ्यांना जे शिकवलं तेच चेकलिस्टमध्ये यायला हवं.

कलमाचं वाक्य कसं लिहावं?

परीक्षकाला डोळ्यांनी दिसेल अशी एक कृती, भूतकाळात. 'ॲसेप्सिस पाळली' हे कलम नव्हे, तो निष्कर्ष आहे. दोन परीक्षक त्यातून दोन वेगळ्या गोष्टी वाचतात.

पॅक उघडण्याचं उदाहरण घेऊ. माझ्या जुन्या कागदावर 'स्टेराइल पॅक योग्य रीतीने उघडला' असं होतं. आता तिथे तीन ओळी आहेत. 'पॅकची मुदत, इंडिकेटर टेपचा बदललेला रंग आणि वेष्टन फाटकं किंवा ओलं नाही हे पाहिलं.' 'पहिला पदर स्वतःपासून दूर, मग बाजूचे, शेवटचा स्वतःकडे असा उघडला.' 'उघडताना हात स्टेराइल भागावरून आडवा गेला नाही.' दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचा संबंध जवळचा आहे, कारण पदरांचा क्रम हात आडवा जाऊ नये म्हणूनच ठरलेला आहे. पण एखादा विद्यार्थी क्रम बरोबर ठेवतो आणि मग बोळे टाकताना बिनधास्त वरून हात नेतो, म्हणून त्या वेगळ्या ठेवल्या.

पहिल्या ओळीत मात्र तीन गोष्टी एकत्र आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिथे मी मुद्दाम सूट घेतली आहे: विद्यार्थी पॅक हातात घेऊन उलटासुलटा करून पाहतो, ती एकच हालचाल असते. तिन्ही पाहिल्या तर २, एखादी सुटली तर १, न पाहताच उघडला तर ०, असं समोर लिहून ठेवलं की भांडण होत नाही.

लांबी एक पान. दहा मिनिटांच्या स्टेशनला १५ ते २० कलमं पुरेत. पान उलटावं लागलं की त्या क्षणी परीक्षक कागद बघत असतो, हात नाही.

विद्यार्थी 'आता मी हात स्वच्छ करतो असं समजा' म्हणाला तर गुण द्यायचे का?

नाही, आणि हे विद्यार्थ्याच्या सूचनापत्रात आधीच छापा: 'सर्व कृती प्रत्यक्ष करा, तोंडी सांगितलेल्या कृतीला गुण नाहीत.' वेळ कमी पडतो म्हणून काही ठिकाणी पहिली वेळ प्रत्यक्ष आणि पुढच्या तोंडी अशी तडजोड करतात. तसं करायचंच असेल तर निदान तिसरा क्षण तरी प्रत्यक्षच हवा. त्याचं आणखी एक कारण आहे: हँडरब नीट न वाळलेल्या ओल्या हातावर हातमोजा चढत नाही, बोटं अडकतात, मग ओढाताण आणि त्यात हातमोज्याची बाहेरची बाजू बोटाला लागते. तोंडी करणाऱ्याला ही अडचण कधी भेटतच नाही.

स्टेराइल भाग दूषित झाला, हे चेकलिस्टवर कुठे नोंदवायचं?

माझ्या मते या स्टेशनचा गाभा हाच आहे आणि साध्या चेकलिस्टमध्ये त्याला जागाच नसते. दूषित होणं ही पायरी नव्हे, ते कधीही घडतं. पायऱ्यांच्या ओघात त्याला कलम द्यावं तर कुठे, हा प्रश्न पडतो. न द्यावं तर ते निसटतं.

कागदाच्या उजव्या कडेला एक उभा रकाना ठेवा. काही लागलं, टेकलं, शिंतोडलं की परीक्षकाने त्या ओळीसमोर फुली मारायची. विद्यार्थ्याच्या ते लक्षात येऊन त्याने सुधारलं तर फुलीभोवती गोल काढायचा. स्टेशन संपल्यावर त्या रकान्यावरून एकच कलम भरायचं: एकही फुली नाही किंवा सगळ्या फुल्या गोलात, तर पूर्ण गुण, गोलाबाहेर एक जरी फुली राहिली तर शून्य.

सुधारलेल्या चुकीला पूर्ण गुण का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. हातमोजा ट्रॉलीच्या कडेला लागला, विद्यार्थी थांबला, 'हातमोजा दूषित झाला, बदलतो' म्हणाला, हँडरब घेऊन नवी जोडी घातली. रुग्णाच्या दृष्टीने काहीच बिघडलं नाही. वर्षानुवर्षं ड्रेसिंग करणाऱ्यांचाही हात लागतोच, फरक एवढाच की त्यांना ते कळतं. अर्धे गुण कापलेत तर विद्यार्थी एक धडा शिकतो: लागलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. हे तर आपल्याला मुळीच नको आहे.

आता कशाला फुली म्हणायचं, ते परीक्षकांसोबत आधी ठरवा, नाहीतर परीक्षेत वाद होतात. उघडलेल्या फील्डची कडेची अडीच सेंटिमीटर पट्टी स्टेराइल धरत नाहीत. तिथे बोट लागलं तर फुली नाही, पण तिथे ठेवलेला गॉज आत सरकवला तर फुली. हात कमरेखाली गेला, फुली. फील्डकडे पाठ केली, फुली. सलाईन ओतताना शिंतोडा उडाला तर काय? वेष्टन कापडी असेल तर ओल खालच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचते आणि जंतूंना वर यायला वाट मिळते, म्हणून फुली. खाली पाणी न शिरणारा थर असेल तर नाही. म्हणजे कुठला पॅक वापरणार हे ठरल्याशिवाय हा नियम लिहिताच येत नाही. एकदा आम्ही सरावाला एक पॅक वापरला आणि परीक्षेला दुसराच आला. सकाळी नऊ वाजता उभ्या उभ्या नियम बदलावा लागला.

महत्त्वाच्या कलमांना जास्त गुण दिले की प्रश्न सुटतो का?

अर्धाच सुटतो. हे एका खऱ्यासारख्या कामगिरीवर तपासून पाहा.

विद्यार्थिनी आत येते, ओळख देते, संमती घेते, ट्रॉली वरून खाली पुसते, पॅक सुरेख उघडते. जुनं ड्रेसिंग काढते, हातमोजे टाकते आणि हँडरब न घेता लगेच स्टेराइल हातमोजे घालते. पुढे जखम साफ करताना रुग्णाचा गाऊन खाली घसरतो. ती हातमोजा घातलेल्या डाव्या हाताने तो वर सारते आणि त्याच हाताने पुढचा बोळा उचलते. तिच्या लक्षात येत नाही. बाकी सगळं निर्दोष.

पहिल्या चेकलिस्टमध्ये २० कलमं, प्रत्येकी एक गुण. तिचे दोन गुण गेले, १८ राहिले, म्हणजे ९० टक्के. आम्ही गुण बदलले: तिसऱ्या क्षणाची हात स्वच्छता ३, दूषित होण्याचं कलम ३, उरलेल्या अठरा कलमांना मिळून २४, एकूण ३०. तिला आता २४ मिळाले, म्हणजे ८० टक्के. अजूनही चांगल्या गुणांनी पास. त्या दोन कलमांना आणखी वजन द्यावं तर बाकीचं ड्रेसिंग नावापुरतं उरतं.

म्हणून वजनासोबत निर्णायक कलम लागतं. ते चुकलं की बाकीचे गुण कितीही असोत, स्टेशन पास धरायचं नाही. आपल्या केसमध्ये मी अशी दोनच ठेवते: तिसऱ्या क्षणाची हात स्वच्छता, आणि लक्षात न आलेलं दूषितीकरण जखमेपर्यंत पोहोचणं. 'जखमेपर्यंत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हातमोजा गाऊनला लागला आणि नंतर त्या हाताने फक्त वरची चिकटपट्टी लावली, तर फुलीमुळे कलमाचे ३ गुण जातील, पण स्टेशन जाणार नाही.

निर्णायक कलमं अन्याय्य नाहीत का? एका चुकीने सगळं जातं.

चार-पाच ठेवलीत तर अन्याय्यच. एका वर्षी एका सहकाऱ्याने 'ड्रेसिंगवर तारीख आणि वेळ लिहिली' हेही निर्णायक केलं होतं. घंटा वाजली म्हणून न लिहू शकलेली मुलं त्यात गेली. घड्याळामुळे सुटणारं कलम निर्णायक असू नये. ती कलमं कुठली आहेत हे विद्यार्थ्यांना आधी सांगावं, यात काही गुपित ठेवण्यासारखं नाही. आणि निर्णायक कलमावर नापास करताना परीक्षकाने काय पाहिलं ते एका ओळीत लिहिलंच पाहिजे: 'गाऊन वर केला, डावा हात, त्यानंतर तोच हात बोळ्याला.' असं लिहिता येत नसेल तर ते नीट दिसलंच नव्हतं.

जखम साफ करण्याच्या क्रमावर परीक्षकांचं एकमत होत नाही. काय करावं?

तत्त्वावर एकमत असतं, हालचालीवर नसतं. कमी दूषित भागाकडून जास्त दूषित भागाकडे जायचं, हे सगळे मान्य करतात. टाक्यांच्या जखमेत याचा अर्थ असा: पहिला बोळा टाक्यांच्या रेषेवरून वरून खाली, एकदाच, आणि टाकून द्यायचा. मग नवा बोळा एका बाजूने, तोही वरून खाली. मग आणखी नवा दुसऱ्या बाजूने. शेजारी ड्रेन असेल तर तो शेवटी.

वाद होतो तो रेषेनंतर आधी लांबची बाजू की जवळची, यावर. माझं स्पष्ट मत आहे की याला गुण ठेवू नयेत. कलम असं लिहा: 'रेषा आधी, बाजू नंतर, प्रत्येक फेरीला नवा बोळा, वापरलेला बोळा परत जखमेवर आला नाही.' आम्ही दोन परीक्षकांना त्याच चित्रफिती स्वतंत्रपणे गुण द्यायला लावल्या तेव्हा 'योग्य क्रमाने साफ केलं' या कलमावर सगळ्यात जास्त फरक पडला होता. वाक्य बदलल्यावर तो फरक जवळजवळ गेला. परीक्षकांना तासभर व्याख्यान देण्यापेक्षा तीन चित्रफिती दाखवून कलमागणिक गुण जुळवणं जास्त उपयोगी पडतं. जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा दोष परीक्षकाचा नसून वाक्याचा असतो.

आणखी एक. कोरडी, स्वच्छ, टाक्यांची जखम पुसायलाच हवी असं नाही, आणि हुशार विद्यार्थी तसं म्हणून मोकळाही होईल. साफ करणं तपासायचं असेल तर सूचनापत्रात स्राव लिहा आणि मॅनिकिनवर तो दिसू द्या.

संवादाची कलमं किती ठेवावीत?

तीन. ओळख पटवणं, काय करणार ते सांगून संमती घेणं, ड्रेसिंग काढताना दुखतंय का ते विचारणं. यापेक्षा जास्त ठेवलीत तर गोड बोलणारा विद्यार्थी अस्वच्छ ड्रेसिंग करूनही तरून जातो.

पास होण्याची रेषा ५० टक्केच का?

सवयीने. त्यापेक्षा बरी पद्धत अशी: परीक्षक चेकलिस्ट भरतोच, शिवाय शेवटी एकूण मत देतो, नापास, काठावर, पास किंवा उत्तम. 'काठावर' असं मत मिळालेल्यांच्या चेकलिस्ट गुणांची सरासरी काढायची. समजा असे सहा विद्यार्थी आहेत आणि त्यांचे ३० पैकी गुण १७, १९, १८, २०, १८ आणि १६ आहेत. बेरीज १०८, सरासरी १८. या स्टेशनची रेषा १८. काठावरचे विद्यार्थी दोन-तीनच निघाले तर मात्र या आकड्यावर विसंबू नये; तेव्हा सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण आणि एकूण मत यांचा संबंध लावून रेषा काढतात. एकूण मत देताना परीक्षकाने गुणांची बेरीज केलेली नसावी, नाहीतर तो बेरजेवरूनच मत ठरवतो.

परीक्षकाने कुठे बसावं?

बसूच नये. खाटेच्या पायथ्याशी, विद्यार्थ्याच्या समोरच्या बाजूला तिरकं उभं राहावं, म्हणजे जखम, फील्ड आणि दोन्ही हात एका नजरेत येतात. पाठीमागून फक्त कोपर दिसतात.

स्टेशनवर सामान किती लागतं?

यादी सगळ्यांना पाठ असते. विसरतं ते जास्तीचं सामान. हातमोजा दूषित झाल्याचं ओळखलं, पण बदलायला दुसरी जोडीच नाही, मग विद्यार्थी काय करणार? हाताच्या अंतरावर हातमोज्यांची एक जास्तीची जोडी आणि एक जास्तीचा पॅक प्रत्येक वेळी ठेवा, आणि वापरला गेला की घंटेच्या मधल्या वेळात नवा आणा. हातमोजे दोन-तीन मापांत हवेत. मोठ्या हाताला लहान हातमोजा दिला तर तो घालताना फाटतो आणि ती चूक विद्यार्थ्याची नसते.

हँडरबचा हिशेब आदल्या दिवशी करा. ३० विद्यार्थी, प्रत्येकी चार वेळा, दर वेळी ३ मिली धरलं तर ३६० मिली. ५०० मिलीची एक बाटली पुरते, पण ती अर्धी वापरलेली नको, आणि पंप दोनदा दाबून पाहा. एका परीक्षेत सतराव्या विद्यार्थ्याला नुसती हवा आली. त्याने क्षणभर बाटलीकडे पाहिलं, कोरडे हात सहाही पायऱ्यांनी चोळले आणि पुढे गेला. परीक्षकाने टिक केलं होतं.